पहिल्या पगाराची ओवी

जात्यावरच्या ओव्यांत बाजार फार आहे. भाऊ बाजाराला जातो, चाट्याच्या दुकानात बसतो, खणाची घडी उलगडून पाहतो, बहिणीला चोळी घेतो. बाप दिवाळीला लुगडे आणतो. मग लेक त्या लुगड्याचा रंग, काठ आणि पदर शेजारणीला ओवीतून दाखवते. चाटी म्हणजे कापडाचा दुकानदार. आता हा शब्द बोलण्यातून गेला, पण ओवीत तो अजून दुकान मांडून बसला आहे. ओव्यांतले देणे-घेणे जरा निरखून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. देणारा हात बहुतेक वेळा भावाचा, बापाचा, नाहीतर लेकाचा असतो आणि घेणारी बाई असते. बाईने दिले असे येते, पण ती देते आशीर्वाद, दृष्ट काढते, जेवू घालते. तिने स्वतःच्या कमाईच्या पैशाने काही विकत आणून आईबापाच्या हातावर ठेवले, अशी ओवी शोधायला गेले तर सहजी हाताला लागत नाही.

हे काही मी दोन-चार बायकांचे ऐकून म्हणत नाही. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड काढले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी आपल्या सोबतिणींसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. त्यासाठी हजाराच्या वर खेडी झाली आणि त्यांत आपल्या मराठवाड्यातल्याही बाया आहेत. एवढ्या मोठ्या कणगीत माहेर आहे, सासर आहे, राम आहे, बाबासाहेब आहेत, दुष्काळही आहे. लेकीचा पगार मात्र सहसा सापडत नाही, कारण तो तेव्हा बहुतेक घरांत नव्हताच. बाई राबत होती, पण तिची मजुरी घरच्या पोत्यात मिसळून जायची. वेगळी मोजली जात नव्हती.

आता तो पगार आला आहे. तेव्हा ओवीही यायला हवी. अशी एक ओवी नव्हे, पाच ओव्यांचे एक गाणे आमच्या भागात, लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या एका गावात तयार झाले. ते कसे जुळले, कुठे अडले आणि त्यातला कुठला शब्द का बदलला, ते आज सांगते. ज्या घरात नवी नोकरी लागली आहे तिथे कुणाला असे गाणे करावेसे वाटले, तर उपयोगी पडेल.

मुलगी बावीस वर्षांची. नर्सिंगचा कोर्स करून लातूरला एका खासगी दवाखान्यात लागली. तिचा बाप सालगडी. सालगडी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको, पण या गाण्याचा सगळा जीव त्यातच आहे म्हणून थोडे थांबते. पाडव्याला साल ठरते ते पुढच्या पाडव्यापर्यंत. ठरलेल्या रकमेतली मोठी रक्कम आधीच उचल म्हणून घेतलेली असते. ती कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारात खर्चून जाते आणि मग वर्षभर त्या उचलीची फेड म्हणून राबायचे. म्हणजे या घरात पैसा आधी येई आणि काम मागून. आलेला प्रत्येक रुपया कुणाचा तरी देणेकरी असे. महिनाभर काम झाले आणि मग पैसा हातात पडला, त्यावर कुणाचा हक्क नाही, असे या घरात कधी झालेच नव्हते. लेकीचा पगार हा त्या घरातला पहिला बिनउचलीचा पैसा होता.

पगार किती, तर साडेनऊ हजार. त्यातले तीन मैत्रिणींच्या खोलीतले तिच्या वाट्याचे भाडे अठराशे, डब्याचे अडीच हजार, आणि धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी घरी तीन हजार. राहिले बावीसशे. महिना अजून काढायचा होता. म्हणून तिने ठरवले की आई-वडिलांसाठी आठशेच्या आत काहीतरी घ्यायचे. तिचे हे ठरवणे मला आवडले. पहिल्या पगारात अंगठी घेऊन दुसऱ्या पगारापर्यंत उसनवारी करणारी पोरेही मी पाहिली आहेत.

त्याच वैशाखात तिच्या चुलत बहिणीचे लग्न होते. आपल्याकडे जाते आता रोजच्या दळणाला कुणी लावत नाही. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. पण लग्नघरी हळद दळायला ते अजून बाहेर काढतात. खुंटा ठोकून घट्ट करतात, धुऊन पुसून हळदीकुंकू वाहतात, सुपारी बांधतात आणि पाच सवाष्णी हात लावतात. त्या वेळी ओव्या म्हणायच्या असतात. म्हाताऱ्यांच्या तोंडी त्या असतात, तरुण पोरी मात्र मोबाइलवर गाणे लावून मोकळ्या होतात. ही मुलगी म्हणाली, मी माझ्या पगाराची ओवी करते. आणि वहीत लिहून घेऊन आली.

तिची पहिली वही मी पाहिली. त्यात स्वप्ने होती, आभाळ होते, पंख होते, आई-बाबांचे उपकार होते. आईला पैठणी होती आणि बाबांना सोन्याची अंगठी होती. चाल एका सिनेमातल्या गाण्याची. तिच्या आजीने, म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या ओवीवालीने ते ऐकून घेतले आणि एवढेच विचारले,

"माय, पैठणी आणलीस का तू?"

"नाही आजी."

"मंग गाण्यात कामून आणलीस? जे आणलंस ते सांग की."

ओवीची पहिली परीक्षा हीच. तिच्यात वस्तू खरी लागते. जुन्या बाईने चोळीची ओवी म्हटली तर चोळीचा रंग कोणता, ती शिवली कुणी, बाही कुठवर आली, हे तिला ठाऊक असते. नुसते 'भावाने खूप माया केली' असे ती म्हणत नाही. दुसरे असे की घरात जे नाव आहे तेच ओवीत यावे. ही मुलगी घरी 'माय' आणि 'बाप' म्हणते. वहीत लिहिताना तिने 'आई-बाबा' केले होते. आजीला वाटले की ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगते आहे.

तेव्हा आधी खरी खरेदी काय झाली ते पाहू. मुलगी सुट्टीच्या दिवशी लातूरच्या गंजगोलाईत गेली. मधोमध देवीचे मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटलेले सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेक माल, कुठे कापड, कुठे भांडी, कुठे सोने, कुठे चपला. जाणाऱ्याला वाटते की सगळे एका ठिकाणी मिळेल, पण निवडणाऱ्याची चालून चालून दमछाक होते. लुगडे पाहिले. आठशेत मिळत होते, पण दोघांत एकालाच झाले असते. शिवाय मायने लुगडे पेटीत ठेवून दिले असते, हे तिला पक्के माहीत होते. आपल्या बायांना चांगले म्हणून दिलेले काहीही वापरायचे म्हटले की जिवावर येते. म्हणून तिने उलटा विचार केला. कोणती वस्तू पेटीत ठेवताच येणार नाही?

मायसाठी तिने चपला घेतल्या. माय कापूस वेचायला, खुरपायला जाते ती पायातली अंगठा तुटलेली, तारेने बांधलेली चप्पल घालून, नाहीतर अनवाणीच. माप विचारले असते तर मायने साफ नाही म्हटले असते. म्हणून गावी आली होती तेव्हा पहाटे माय सडा टाकून ओल्या अंगणातून गेली, तेव्हा तिने उमटलेल्या पावलावर सुतळी धरली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक गाठ आणि चवड्याच्या रुंदीला दुसरी गाठ. ही रुंदीची गाठ महत्त्वाची. आयुष्यभर अनवाणी चाललेला पाय पुढून पसरट होतो आणि दुकानात केवळ लांबीचा नंबर सांगितला तर चप्पल करंगळीला चावते. चिखलात पाऊल थोडे फाकतेही, पण शेतात चालताना ते तसेच फाकते. तेव्हा ते माप चुकीचे नाही. दुकानदाराने आधी नाजूक पट्ट्याची दाखवली. हिने सुतळी ठेवली, दुसरी गाठ पट्ट्याबाहेर गेली. मग मागे पट्टा असलेली, जाड तळाची, पुढून रुंद अशी घेतली. तीनशे वीस रुपये.

बापासाठी बॅटरी. शेताची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की बाप रात्री बारा-एकला उसाला पाणी द्यायला जातो. पाणी द्यायचे म्हणजे दारे धरायचे. हातात खोरे असते, एक सरी भरली की माती ओढून ती बुजवायची आणि पुढची फोडायची. जुनी बॅटरी त्याच्याकडे होती, पण ती तो काखेत धरायचा आणि खोरे मारताना उजेड आभाळात जायचा. पाय मात्र अंधारात. उसात जिवाणू निघते ते पायाशीच. मुलीने तीन बॅटऱ्या पाहिल्या. एक मोठी, हातात धरायची, झोत लांब जाणारी. ती राखणीला चांगली, दारे धरायला नाही. एक कपाळाला बांधायची, पण बापाचा पटका आड येतो. तिसरी छोटी, पट्टा असलेली, गळ्यात अडकवली की छातीवर बसते आणि उजेड खाली, पावलापुढे पडतो. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन तिने ती पेटवून पाहिली, वाकून पाहिली. वाकल्यावर लोंबकळत नाही ना ते पाहिले. चार्जिंगची होती. घरात वीज आहे म्हणून तिने ती घेतली. तीनशे ऐंशी. दोन्हींचे मिळून सातशे झाले.

आता गाणे. जात्यावरची ओवी आपल्याकडे बहुतेक दोन ओळींची म्हणतात. पुस्तकात साडेतीन चरणांचीही सापडते, पण जात्यावर दोन ओळी बसतात आणि दोन्ही ओळींचे शेवट जुळतात. ओळीचे दोन अर्धे असतात. या गाण्यात प्रत्येक अर्ध्याला आठ अक्षरे धरली, कारण आजीच्या ओढीला तेवढीच सोयीची होती. जाते अर्धे फिरते तिथे श्वास पडतो. अक्षर कमी पडले तर 'ग' घालायचा, फारच कमी पडले तर 'बाई'. ही भरती म्हणजे लबाडी नव्हे. वरच्या दगडाला फिरायला जागा लागते, तशी आवाजालाही लागते. पण एका ओळीत दोन-तीन 'ग' यायला लागले, की समजावे सांगायचे संपले आहे आणि नुसते दळण चालले आहे.

मुलीने पहिली ओवी केली तिच्यात 'खात्यात' असा शब्द होता. पगार उंबऱ्यात मोजला, कुणाच्या खात्यात लिहिला नाही, असा अर्थ. 'उंबऱ्यात' आणि 'खात्यात' छान जुळत होते. पण बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. खात्यातच तर आला पगार, बँकेच्या! एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले की ऐकणारी चुकीच्या वाटेने जाते. तिला सावकाराचे, मालकाचे खाते म्हणायचे होते. मग शब्द बदलला.

पहिला माझा पगार, मी मोजिला ग दारात
नाही उचल कुणाची, नाही वहीच्या पानात

वही म्हटले की उचलीची वही, हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. 'दारात' आणि 'पानात' हे जुळणे पहिल्याएवढे घट्ट नाही, पण म्हणताना शेवटचा 'आत' लांबतो आणि निभावते. गोड यमकासाठी खरा अर्थ सोडू नये, हे आजीचे म्हणणे मला पटले. आणि पैसा दारात मोजायचा हेही तिनेच घातले. घेतलेला पैसा माणूस आत, दार लावून मोजतो. दारात मोजायचा तो आपला.

जाता जाता, पगार हा शब्द आपला म्हणून आपण वापरतो, पण तो पोर्तुगीजांकडून आलेला आहे. निजामाच्या राज्यात आपले जुने लोक तनखा म्हणत. आजीच्या तोंडी अजून तनखाच येतो. तिने दोन-तीनदा तो घालून पाहिला, पण त्यात एक अक्षर तुटत नाही की वाढत नाही आणि पोरींना कळत नाही, म्हणून पगारच राहिला.

दुसरी ओवी बाजाराची.

सोळा वाटा गोलाईच्या, चालुन दुखती पाय
जरीच्या ग लुगड्याला, नको म्हणंल ग माय

इथे मुलीला जरीच्या लुगड्याची किंमतही घालायची होती. आजी म्हणाली, न घेतलेल्याची किंमत सांगू नये, ऐकणाऱ्याला वाटते की हिची ऐपत नव्हती म्हणून मायचे नाव पुढे केले. किंमत घालायचीच तर घेतलेल्या वस्तूची. मला विचाराल तर दोन्ही नको होत्या आणि शेवटी गाण्यात किंमत कुठेच आली नाही.

तिसरी ओवी चपलेची. हिला सगळ्यात कमी वेळ लागला, कारण घडलेली गोष्टच ओवीसारखी होती.

सुतळीनं घेते माप, ओल्या अंगणी पाऊल
माय चालली रानात, तिला कळंना चाहूल

पाहा, यात चपलेचे नाव नाही. मुलीने आधी 'चप्पल' घातला होता, तो जोडाक्षरामुळे अडखळत होता. मग 'वहाणा' घातला. नंतर लक्षात आले की माप म्हटले, पाऊल म्हटले, सुतळी म्हटली, आता काय राहिले? वस्तू आपोआप कळते. उलट चपलेची ओवी देवाधर्माच्या हळदीला म्हणावी का, ही एका जावेने काढलेली शंकाही त्यामुळे आपोआप मिटली.

चौथ्या ओवीत मात्र चांगलीच अडचण झाली. मुलीने लिहिले होते, 'हाती देते मी बॅटरी'. अक्षरे बरोबर आठ. चालही बसली. पण जात्यापाशी बसलेली तिची चुलती, जी स्वतः नवऱ्याबरोबर रात्री पाण्याला जाते, ती दळता दळता थांबली.

"हातात खोरं हाय की गं त्याच्या. बॅटरी कुठं धरल?"

मुलगी तीच तर गळ्यातली शोधत तीन दुकाने हिंडली होती. आणि ओवीत मात्र हात लिहून बसली, कारण 'हाती देणे' हा तयार बोल आहे. तयार बोल असे आपल्याला न विचारता येऊन बसतात. मग ओवी अशी झाली.

रातीची ग आली वीज, बाप उसाच्या पाण्याला
गळी बांधते बॅटरी, दिसू दे जिवाणू त्याला

'गळी बांधते' म्हटल्यावर चुलती खूश झाली. गळ्यात बांधायचे ते ताईत, मंगळसूत्र, पोत. तिथे बॅटरी गेली. आणि जिवाणू म्हणजे साप, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. रात्री त्याचे नाव घेत नाहीत. शहरातली पोर असती तर तिने 'साप' लिहिले असते आणि अक्षर मोजत बसली असती. एका बाईने सुचवले की शेवटी 'दिसू नये जिवाणू' असे शुभ बोलावे. यावर थोडा वाद झाला. आजीने निकाल दिला की जिवाणू रानात आहेच, तो दिसला तरच बाप वाचेल, न दिसला तर काय उपयोग? ओवी आहे तशीच राहिली.

पाचवी ओवी ठरवून केलेली नाही. ती करावी लागली.

झाले असे की मुलीने दोन्ही वस्तू घरी नेऊन ठेवल्या. मायने चपला पायात घालून पाहिल्या, चार पावले चालली, मग काढून पुसून ठेवायला लागली, तेव्हा लेकीने जुन्या चपलेची तारच काढून टाकली. तो प्रश्न तिथे मिटला. बापाने मात्र बॅटरी हातात घेतली, पेटवून पाहिली आणि खुंटीला अडकवली. रात्री पाण्याला जाताना जुनीच काखेत घेतली. दुसऱ्या रात्री तसेच. तिसऱ्या रात्री तसेच. विचारले तर बोलेना. मायला मात्र म्हणाला, लेकीचं घ्यावं कसं?

आपल्याकडे ही समजूत जुनी आणि खोल आहे. लेक दिली की तिच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, नातवंड होईपर्यंत तिच्या उंबऱ्यात जेवायचे नाही, असे पाळणारे आईबाप मी स्वतः पाहिले आहेत. ही मुलगी तर अजून माहेरीच आहे, लग्न व्हायचे आहे. तरी बापाच्या मनात तेच. लेक म्हणजे देण्याची, तिच्याकडून घेतले तर लोक म्हणतील लेकीच्या जिवावर जगतो. त्यात तो उचलीवर जगलेला माणूस. घेतलेले फेडावे लागते, एवढेच त्याला आयुष्याने शिकवले. लेकीचे कसे फेडणार? कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. आईबाप निराधार झाले तर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी लेकाइतकीच लेकीवर, लग्न झालेल्या लेकीवरही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली दिला. तो खटलाही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बापाचा आणि डॉक्टर लेकीचा होता. पण बॅटरी खुंटीवरून खाली काढायला निकालाचा कागद कामाला येत नाही.

मुलगी रडवेली झाली. म्हणाली, शेवटची ओवी मी बापाला समजावणारी करते. तिने केली तीत 'लेक-लेकी समान' असे काहीसे होते. सभेतल्या फलकासारखे. आजीने ती ऐकून नुसती वैरण घातली आणि जाते ओढायला लागली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आजीच म्हणाली की बाप काय म्हणाला ते जसेच्या तसे आधी घाल. त्याचा बोल ओवीत आला की अर्धे भांडण तिथेच मिटते. जुन्या ओव्यांत असेच असते. सासू काय बोलली ते पहिल्या ओळीत, मग सुनेचे दुसऱ्या ओळीत. समोरच्याचे खोडायचे नाही, त्याला एक पाट द्यायचा.

लेकीचं ग घ्यावं कसं, बाप पुसतो मायला
उजेड ग कुणाचा तो, ठाऊक नाही वाटंला

दुसरी ओळ मुलीचीच. ती कुठून आली असे मी तिला विचारले. ती म्हणाली, दवाखान्यात रात्रपाळीला वीज जाते तेव्हा ज्याच्या हातात मोबाइल असेल तो उजेड धरतो, सलाईन लावून घेतो. कुणाचा मोबाइल हे कुणी विचारत नाही. 'वाटंला' आणि 'मायला' हे जुळणेही सैल आहे. मी तिला 'पायाला' सुचवून पाहिले होते. पण मग वाट जाते, आणि त्या ओळीत वाटच पाहिजे होती. तिने ऐकले नाही ते बरे झाले.

म्हणण्याची रीत अशी ठरली. आजी ओळीचा पहिला अर्धा म्हणते, समोर बसलेली तोच परत म्हणते, मग दोघी मिळून दुसरा. दोन्ही ओळी झाल्या की एक वैरण. पाच ओव्यांना पाच वैरणी, तेवढ्यात मूठ-दोन मूठ हळद भरडून होते. घाई करून कुणी सिनेमाच्या चालीवर म्हणायला लागले तर जाते लगेच सांगते. हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो, खुंटा उचकतो. अशा वेळी आवाज सावरायचा नसतो, हात सावरायचा. हात संथ झाला की आवाज आपोआप मागे येतो.

सगळ्यात आधी एक ओवी देवाची आणि जात्याची म्हणायची, मगच आपली. नवी ओवी थेट पहिली घेतली तर म्हाताऱ्या साथ देत नाहीत. तसेच आपले गाणे नवरीच्या ओव्यांच्या आधी आणू नये. लग्न तिचे आहे. या मुलीने चांगले केले, नवरीच्या, तिच्या मामाच्या, मानपानाच्या ओव्या होऊ दिल्या आणि हळद संपत आली तेव्हा आपल्या घेतल्या.

पहिल्या चार ओव्या सगळ्यांसमोर झाल्या. बाप ओसरीवर मांडवाचे बांबू रचत होता, त्याला ऐकू जात होते. जिवाणूच्या ओवीला त्याने एकदा मान वळवली, एवढेच. पाचवी तेव्हा म्हटलीच नाही. आजीने डोळ्याने खुणावले आणि मुलगी थांबली. बापाचा बोल बापासमोर, चारचौघांत, पाहुण्यांत म्हणायचा नसतो. त्याची मान खाली गेली असती.

रात्री साडेबाराला वीज आली आणि बाप उठून गेला. खुंटीवर जुनीच बॅटरी राहिली होती. मग जागरणाला बसलेल्या बायांनी राहिलेली ओवी म्हटली, दोनदा.